तिरक्या रेषेआड दडलेली सदतीस रुपयांची गोष्ट

भिवंडी तालुक्यातील वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली या गावांत ज्या जमिनींत एके काळी भात पिकत होते, त्यांवर आज गोदामांच्या पत्र्यांची छपरे दूरवर पसरलेली दिसतात. देशभर जाणारा माल या छपरांखाली उतरतो, मोजला जातो, पुन्हा चढवला जातो. तो उतरवणारे हमाल, त्याची नोंद ठेवणारे कारकून, टेम्पोचालक आणि रखवालदार यांतील ज्यांना थोडी स्थिर मिळकत लाभली, त्यांनी गेल्या काही वर्षांत काल्हेर, कल्याण, टिटवाळा, बदलापूर अशा ठिकाणी एका खोलीची किंवा दोन खोल्यांची सदनिका कर्जाने घेतली. चाळीतून स्वतःच्या घरात जाणे ही कष्टकऱ्याच्या आयुष्यातील फार मोठी घटना असते. तिच्यासोबत वीस वर्षांचा एक कागदही घरात येतो. त्या कागदावर व्याजाचा जो दर छापलेला असतो, तो वीस वर्षे टिकणारा नसतो. तो बदलता, म्हणजे ज्याला बँकांच्या भाषेत फ्लोटिंग म्हणतात, तसा असतो.

हा दर बदलला की कर्जदाराला एक सूचना येते. कधी ती पत्राने येते, बहुधा भ्रमणध्वनीवर दोन-तीन ओळींच्या संदेशाने येते. अशा सूचनांचा सर्वसाधारण नमुना पुढीलप्रमाणे असतो :

‘प्रिय ग्राहक, संदर्भ दरातील बदलास अनुसरून आपल्या कर्ज खात्याचा लागू व्याजदर ७.०० टक्क्यांवरून ९.५० टक्के असा पुनर्निर्धारित करण्यात आला आहे. त्यानुसार आपल्या कर्जाचा कालावधी/मासिक हप्ता सुधारित करण्यात आला आहे. अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळास भेट द्यावी.’

बरेचदा हीदेखील इंग्रजीत असते. मराठीत असली तरी ती मराठी इंग्रजीची सावली असते. पण या सूचनेचा खरा दोष तिच्या बोजड शब्दांत नाही. ‘पुनर्निर्धारित’ हा शब्द कळला नाही तरी दर वाढला एवढे कोणालाही कळते. दोष आहे तो ‘कालावधी/मासिक हप्ता’ या दोन शब्दांमधील तिरक्या रेषेत. हप्ता वाढला की मुदत वाढली? किती वाढली? कोणी ठरवले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या रेषेने गिळून टाकलेली आहेत. सूचना वाचून कामगार पुढच्या महिन्यात आपल्या खात्यातून कापलेली रक्कम पाहतो. ती पूर्वीइतकीच निघाली, तर तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि संदेश विसरून जातो. नेमके याच ठिकाणी त्याचे नुकसान सुरू झालेले असते.

ते कसे, हे एका हिशेबाने पाहणे इष्ट होईल. समजा, गोदामातील एका कारकुनाने सात टक्के दराने पंधरा लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी, म्हणजे २४० हप्त्यांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता ११,६२९ रुपये बसतो. वर्षभर म्हणजे बारा हप्ते त्याने नियमितपणे भरले. त्याचे देणे असलेले मुद्दल आता १४,६४,३१६ रुपये उरले. म्हणजे वर्षात सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये भरून मुद्दलातून छत्तीस हजारांहून थोडे कमी फिटले. सुरुवातीच्या वर्षांत असेच होते. त्यात कोणाची लबाडी नाही. आता दर सात टक्क्यांवरून साडेनऊ टक्के झाला असे धरू. ही वाढ काल्पनिक नाही. रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि रेपोला जोडलेल्या कर्जांचे दर तेवढेच, अडीच टक्क्यांनी चढले. प्रत्यक्षात ही वाढ सहा टप्प्यांत झाली. हिशेब सोपा राहावा म्हणून ती येथे एकदम धरली आहे.

१४,६४,३१६ रुपयांवर साडेनऊ टक्के दराने एका महिन्याचे व्याज ११,५९२ रुपये होते. हप्ता ११,६२९ रुपये. वजाबाकी केली तर उरतात सदतीस रुपये. हप्ता ‘तसाच ठेवला’ म्हणजे काय, तर या कुटुंबाने महिनाभर पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या साडेअकरा हजारांवर रकमेतून त्यांच्या घराचे कर्ज सदतीस रुपयांनी उतरले. या गतीने कर्ज फिटायला उरलेल्या २२८ हप्त्यांऐवजी सुमारे ७२९ हप्ते लागतील, म्हणजे साठ वर्षे नऊ महिने. कर्जदाराचे वय आज पस्तीस असेल तर शेवटचा हप्ता त्याला पंचाण्णवाव्या वर्षी भरावा लागेल. साडेचौदा लाखांच्या देण्यापोटी त्या वेळपर्यंत पंच्याऐंशी लाखांच्या आसपास रक्कम भरली गेली असेल. आणि या सगळ्याची वर्दी त्याला मिळाली ती ‘कालावधी/मासिक हप्ता सुधारित करण्यात आला आहे’ या पाच-सहा शब्दांनी!

दर आणखी पाव टक्का चढला असता, तर व्याज हप्त्याहून जास्त झाले असते. मग हप्ता भरूनही देणे दर महिन्याला वाढत गेले असते. अर्थशास्त्री याला ऋण परतफेड म्हणतात. जुन्या काळी खेडोपाडी लोक याला वेगळे नाव देत असत, आणि ते नाव सावकाराच्या वहीशी निगडित होते.

दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सुप्यापासून जे बंड केले, त्यात ठिकठिकाणी सावकारांच्या घरातील कर्जरोखे मागून घेऊन जाळण्यात आले. त्या रोषाचे लक्ष्य मुख्यतः कागद हेच होते. ज्यावर काय लिहिले आहे हे ऋणकोला कळत नाही, पण ज्याच्या जोरावर त्याची जमीन जाते, असा तो कागद होता. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने सावकारावर इतर बंधनांसोबत एक साधे बंधन घातले : ऋणकोने भरलेल्या रकमेची पावती द्यावी आणि मागितल्यास हिशेब लिहून द्यावा. परक्या सरकारलाही तेवढे मान्य करावे लागले. आजची बँक ही तेव्हाचा सावकार नव्हे, हे उघड आहे. तिचे दर उघड असतात, तिच्यावर नियामक असतो, तिच्याकडे दाद मागता येते. परंतु हिशेब कर्जदाराला समजेल असा मांडून देणे ही मागणी मात्र तीच राहिलेली आहे.

ही मागणी नियमांनीही मान्य केलेली आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या व गृहवित्त कंपन्या या सर्वांना उद्देशून एक परिपत्रक काढले. दर बदलतेवेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, याची निवड कर्जदाराला द्यावी, असे त्यात सांगितले आहे. कर्जाचा भाग किंवा सर्व रक्कम केव्हाही आधी भरण्याची मुभा असावी. मुदत इतकी लांबवू नये की हप्त्यातून व्याजही निघणार नाही. हप्ता वा मुदत वाढल्यास ते ताबडतोब कळवावे. दर तिमाहीस कर्जदाराला एक विवरण द्यावे आणि त्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळे सोप्या रीतीने लिहावे. हे नियम जुन्या कर्जदारांनाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते.

निवड कर्जदाराची असे एकदा म्हटले की सूचनेचे स्वरूपच बदलायला हवे. घडून गेलेली गोष्ट कळवणारी सूचना वेगळी आणि निर्णय विचारणारी सूचना वेगळी. पहिल्या प्रकारची सूचना अधिक सोप्या मराठीत लिहिली, तरी ती पहिल्याच प्रकारची राहते. म्हणून वर दिलेला नमुना सुधारायचा, तर त्यातील शब्द बदलून भागणार नाही. त्याला नवे पोट द्यावे लागेल. वरील कारकुनाच्या कर्जापुरती ती सूचना अशी लिहिता येईल :

‘आपल्या गृहकर्जाचा व्याजदर येत्या १० तारखेपासून ७ टक्क्यांवरून ९.५ टक्के होत आहे. कारण, आपले कर्ज ज्या रेपो दराला जोडलेले आहे तो ४ टक्क्यांवरून ६.५ टक्के झाला आहे. त्यावर आम्ही आकारतो ते ३ टक्के पूर्वीइतकेच आहेत.

आज आपले १४,६४,३१६ रुपये मुद्दल देणे आहे. नव्या दराने त्याचे महिन्याचे व्याज ११,५९२ रुपये होते. आपला हप्ता ११,६२९ रुपये आहे. हप्ता बदलला नाही, तर पहिल्या महिन्यात मुद्दल फक्त ३७ रुपयांनी कमी होईल. म्हणून आपण पुढीलपैकी एक मार्ग निवडून कळवावा.

पहिला : हप्ता १३,८९४ रुपये करणे. उरलेले हप्ते पूर्वीप्रमाणे २२८ राहतील.

दुसरा : हप्ता १२,७९४ रुपये करणे. उरलेले हप्ते ३०० होतील, म्हणजे सहा वर्षे अधिक. पहिल्या मार्गापेक्षा एकूण सुमारे ६,७०,००० रुपये जास्त भरावे लागतील.

तिसरा : २,३८,६६२ रुपये एकरकमी भरणे. हप्ता आणि मुदत दोन्ही पूर्वीप्रमाणे राहतील. याहून कमी रक्कम भरल्यास त्या प्रमाणात हप्ता किंवा मुदत कमी वाढेल. यासाठी कोणतेही शुल्क नाही.

२५ तारखेपर्यंत आपले उत्तर आले नाही, तर आम्ही पहिला मार्ग लागू करू. पुढे केव्हाही तो बदलून घेता येईल. स्थिर व्याजदराचा पर्याय आमच्याकडे नाही.’

ही सूचना पहिलीपेक्षा लांब आहे, ही तक्रार वित्तसंस्थांकडून हमखास येईल. ग्राहक लांब मजकूर वाचत नाहीत, असेही सांगितले जाईल. हे म्हणणे अगदीच खोटे नाही; पण ग्राहक वाचत नाही तो ज्यात त्याच्याविषयी काहीच नाही असा मजकूर. वरच्या सूचनेतील प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या खात्याचा आहे. आणि हे आकडे काढायला संस्थेला काहीही कष्ट नाहीत; ते तिच्या संगणकात दर बदलल्याच्या क्षणी तयार असतात. कर्ज देतानाच्या माहितीपत्रकात संदर्भ दर पाव टक्क्याने बदलला तर हप्त्यावर आणि हप्त्यांच्या संख्येवर काय परिणाम होईल, हे आकड्यांनी दाखवण्याचे बंधन २०२४ पासून आलेलेच आहे. जे कर्ज विकताना सांगता येते, ते वसूल करताना सांगता येत नाही असे कसे होईल?

या पुनर्लेखनातील दोन-तीन जागांविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे.

पहिली जागा ‘उत्तर आले नाही, तर’ या ओळीची. कोणत्याही सूचनेला बहुसंख्य लोक उत्तर देत नाहीत. त्यामुळे मौनाचा अर्थ काय लावायचा, हाच व्यवहारात खरा निर्णय ठरतो. तो आजवर वित्तसंस्थांनी बहुधा मुदत वाढवून घेतला आहे. त्यात हप्ता थकत नाही, तक्रार येत नाही, आणि व्याज अधिक काळ मिळत राहते. कर्जदारालाही त्या महिन्यापुरते बरे वाटते. येथे मौनात हप्ता वाढवावा असे सुचवले आहे. पण यालाही दुसरी बाजू आहे. ज्याचा पगार ठेकेदाराकडून येतो आणि ज्याला दर महिन्याला कामाचे दिवस किती भरतील याची शाश्वती नाही, त्याच्या हप्त्यात न विचारता २,२६५ रुपयांची भर घातली, तर हप्ता थकेल आणि दंडाचे ओझे पडेल ते वेगळेच. ज्याच्या डोक्यावर महिना दोन-तीन टक्क्यांचे खासगी कर्ज आहे, त्याने तर ते आधी फेडावे आणि घराची मुदत खुशाल वाढवावी, यातच शहाणपण आहे. तेव्हा लांब मुदत हे पाप नव्हे. मौनाचा कोणताही अर्थ लावला, तरी तो अर्थ आणि त्याची किंमत सूचनेत रुपयांत लिहिलेली असणे, आणि नंतर तो बदलता येणे, एवढे मात्र सोडता येणार नाही.

दुसरी जागा स्थिर दराची. २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही द्यायचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यात दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून हा पर्याय द्यायचा की नाही हे संस्थेच्या मर्जीवर सोपवले. कर्जदाराच्या हातातील एक साधन असे काढून घेतले गेले, याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. स्थिर दर बहुधा चढाच असतो, त्यामुळे फार थोड्यांनी तो घेतला असता हे खरे. तरी तो आहे किंवा नाही हे सूचनेत एका वाक्यात सांगण्यास कोणाची हरकत असू नये. नाही तर जुने परिपत्रक वाचलेला कार्यकर्ता शाखेत जाऊन नसलेला हक्क मागत बसेल.

तिसरी बाब सूचनेत लिहिलेली नाही, पण लिहिली पाहिजे. हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्यासाठी कर्जदाराने जी परवानगी सही करून दिलेली असते, तिच्यावर एक कमाल रक्कम असते. ती रक्कम १२,००० असेल आणि नवा हप्ता १३,८९४ झाला, तर खात्यात पैसे असूनही वसुली परत जाऊ शकते. दंड मात्र कर्जदाराला बसतो. ‘आपली परवानगी इतक्या रकमेपर्यंत आहे, नवी द्यावी लागेल’ किंवा ‘लागणार नाही’, हे एक वाक्य पुष्कळांना हेलपाट्यांतून वाचवेल.

भिवंडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ग्रामपंचायतींच्या हद्दीतील ज्या इमारतींच्या परवानग्यांविषयी शंका असते, त्यांवर मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत. तिथे गृहवित्त कंपन्या येतात, आणि त्यांचे दर अधिक असतात. बँकांची नवी घरकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. त्या स्वतःचाच मूळ दर ठरवतात. तेव्हा त्यांच्या सूचनेत ‘संदर्भ दरातील बदलास अनुसरून’ असे म्हटले असेल, तर तो संदर्भ दर म्हणजे त्यांनी स्वतःच बदललेला दर असतो. कोणता दर, पूर्वी किती होता, आता किती, आणि त्यावर आपल्याला लावलेली भर किती, हे चारही आकडे तिथे अधिकच आवश्यक ठरतात.

वाढीचे पत्र निदान येते तरी. घटीचे बहुधा येतच नाही. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. चौदा लाखांच्या मुद्दलावर सव्वा टक्क्याचे महिन्याचे व्याज १,४५८ रुपये होते. बँकेच्या खात्यात ही घट तिमाहीच्या आत यायला हवी. ती आली तरी अनेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते. कर्जदाराला हप्ताच कमी हवा असेल, तर तो त्याने मागावा लागतो. म्हणून दर उतरतानाची सूचनाही वरच्याच पद्धतीने लिहिली गेली पाहिजे.

अशा सूचना आपोआप बदलणार नाहीत. तोवर वळ-पूर्ण्याच्या गोदामांतील युनियनच्या कार्यकर्त्यांना कागद-पेन्सिल घेऊन एक काम करता येईल. कर्जदाराचे तिमाही विवरण मागवावे. ते मिळाले नसेल तर तीच पहिली तक्रार. त्यातील उरलेल्या मुद्दलाला वार्षिक दराने गुणावे आणि बाराशेने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या महिन्याचे व्याज. तो हप्त्यातून वजा करावा. राहिलेली रक्कम शंभर-दोनशेच्या घरात असेल, तर ते खाते सदतीस रुपयांच्या वाटेवर आहे. मग उरलेल्या हप्त्यांची संख्या पाहावी. ती कर्ज घेतानाच्या संख्येहून अधिक असेल, तर कोणी तरी परस्पर मुदत वाढवली आहे. हप्ता वाढवला तर किती आणि मुदत वाढवली तर किती, हे आकडे लेखी मागावेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जाता येते.

मागणी-अर्जात भाषेचा उल्लेख विसरू नये. वित्त कंपन्या व गृहवित्त कंपन्यांच्या आचारसंहितेनुसार कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. भिवंडीत याचा अर्थ केवळ मराठी असा होत नाही. इथल्या यंत्रमागांवर पद्मशाली विणकर तेलुगू बोलतात, उत्तरेकडून आलेले कामगार हिंदी बोलतात, आणि शहराची मोठी वस्ती उर्दू वाचते. एकाच गोदामात काम करणाऱ्या चार माणसांना एकच सूचना चार भाषांत लागेल. पहिला मसुदा मराठीत तयार करून तो आठवड्याभरात हिंदी, उर्दू आणि तेलुगू जाणणाऱ्या सहकाऱ्यांकडून वाचून घ्यावा. ‘मुद्दल’ आणि ‘हप्ता’ या शब्दांना त्यांच्या घरात काय म्हणतात, हे त्यांना विचारून मगच तो संस्थेकडे न्यावा.